हीटर खोली तापवतो की स्लॅब?

डिसेंबर संपत आला की निफाडचं नाव पेपरात येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा खाली गेल्याची बातमी, द्राक्षबागांत रात्री पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत आमच्या नाशिकच्या मामांचा फोन. मामा राहतात चौथ्या मजल्यावर, म्हणजे त्यांच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या. यंदाचा प्रश्न असा होता: "अरे, हीटर घ्यायचाय. दुकानदार म्हणतो दोन हजार वॉटचा घ्या, शेजारचे म्हणतात ऑइलचा घ्या, तो कमी वीज खातो. तू इंजिनिअर आहेस ना, सांग."

मी विचारलं, "मामा, खोलीच्या किती भिंती बाहेरच्या आहेत? आणि वर गच्चीच आहे ना?"

"मी हीटरचं विचारतोय, तू घराचं काय काढलंस?"

पण हीटरचा प्रश्न हा घराचाच प्रश्न असतो.

हीटर नेमकं काय करतो

गच्चीवरची पाण्याची टाकी गळते आहे असं समजा. नळ सोडला की पाणी चढतं, पण पातळी जितकी वर जाते तितकी गळतीही वाढते. एका पातळीला नळातून येणारं आणि भोकातून जाणारं पाणी सारखं होतं आणि टाकी तिथेच थांबते. थंडीतली खोली अशीच असते. हीटर म्हणजे नळ, खोलीचं तापमान म्हणजे पातळी, आणि भिंती, काचा, छप्पर आणि फटी म्हणजे भोकं. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जितकं जास्त, तितकी उष्णता वेगाने बाहेर जाते.

म्हणून "किती वॉटचा हीटर" या प्रश्नाचं उत्तर हीटरच्या खोक्यावर छापलेलं नसतं. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना तुमची खोली किती वॉट गळते, हे आधी काढावं लागतं.

त्यासाठी एकच तांत्रिक शब्द पुरतो: यू-मूल्य. एक चौरस मीटर भिंत किंवा काच घ्या, आत-बाहेर एका अंशाचा फरक ठेवा, आणि तिच्यातून किती वॉट उष्णता जाते ते मोजा. तो आकडा म्हणजे यू-मूल्य. जितका लहान, तितका बरा.

आपल्याकडची दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ९ इंची विटांची भिंत साधारण २. खिडकीची एकेरी काच ५.७. काँक्रीटचा स्लॅब, वर गळती थांबवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा धरूनही, साधारण ३. वीट जराशी वेगळी असली की आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण आपल्या कामाला एवढे पुरेत.

काच जाड केली तर?

हा प्रश्न मामांनी लगेच विचारला आणि त्याचं उत्तर बहुतेकांना पटत नाही. ५ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरची काच लावली तर यू-मूल्य ५.७ वरून साधारण साडेपाचवर येतं. दुप्पट जाड काच, आणि फायदा जवळजवळ शून्य.

कारण खिडकीतून जाणारी उष्णता मुळात काच अडवतच नाही. अडवते ती काचेला दोन्ही बाजूंनी चिकटून उभी असलेली हवेची पातळ थांबलेली चादर. काच स्वतः उष्णता भराभर पुढे देते. तिच्यामुळे होणारा अडथळा एकूण अडथळ्याचा जेमतेम तीन टक्के असतो.

आजीची गोधडी आठवा. जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोरा घातलेला असतो. त्यात ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. तीच गोधडी ओली झाली की हवेच्या जागी पाणी शिरतं. कापड तेवढंच राहतं, ऊब मात्र जाते. दोन काचांची खिडकीही याच तत्त्वावर चालते: दोन्ही काचा पातळच असतात, पण मध्ये बंद हवेचा थर असतो. तेवढ्याने यू-मूल्य ५.७ वरून २.८ च्या आसपास येतं.

पडद्याचंही तेच. जाड पडदा काचेसमोर हवा अडवून धरेल तर उपयोगाचा. पण आपल्याकडे पडदा दांडीवर टांगलेला असतो, वर चार बोटं मोकळी आणि खाली वीतभर. मग खोलीतली उबदार हवा वरून पडद्यामागे शिरते, काचेवर गार होते आणि खालून पायांवर सांडते. पडदा भिंतीला चिकटून, खिडकीच्या चौकटीच्या बाहेरपर्यंत आणि खाली टेकलेला असला तरच त्याचा खरा फायदा मिळतो.

मामांच्या खोलीचा हिशेब

आता प्रत्यक्ष खोली घेऊ. १२ बाय १० फूट, उंची १० फूट. मीटरमध्ये ३.६ बाय ३ बाय ३. कोपऱ्यातली खोली, त्यामुळे दोन भिंती बाहेरच्या. एका भिंतीत ५ बाय ४ फुटांची सरकती खिडकी, म्हणजे १.८ चौरस मीटर काच.

बाहेरच्या दोन भिंती मिळून १९.८ चौरस मीटर. त्यातून खिडकी वजा केली की १८ उरतात. १८ गुणिले २, म्हणजे एका अंशाच्या फरकाला ३६ वॉट. काच: १.८ गुणिले ५.७, साधारण १०. वरचा स्लॅब: १०.८ चौरस मीटर गुणिले ३, साधारण ३२.

राहिली हवा. सरकत्या खिडकीच्या रुळांतून आणि दाराखालच्या फटीतून हवा सतत बदलत असते. तासाला खोलीतली सगळी हवा एकदा बदलते असं धरू. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे ०.३३ वॉट-तास लागतात आणि ही खोली ३२ घनमीटरची आहे, म्हणजे आणखी ११ वॉट.

बेरीज ८९. म्हणजे आत २० अंश हवेत आणि बाहेर ८ अंश असतील, तर १२ अंशांच्या फरकाला खोली सुमारे १,०७० वॉट गळते. एवढी उष्णता सतत घालत राहिलं तरच पारा २० वर टिकेल.

या बेरजेत बघण्यासारखं काय आहे? आपण खिडकीला शिव्या देतो, आणि चौरस फुटाचा हिशेब केला तर खिडकी खरोखरच भिंतीच्या जवळजवळ तिप्पट गळते. पण ती आहे केवढीशी! ८९ पैकी तिचे फक्त १०. सर्वात मोठा वाटा भिंतींचा, आणि त्यांच्या अगदी पाठोपाठ स्लॅबचा. थंड देशांतल्या घरांना भिंतीत आणि छपरात आधीच जाड आवरण घातलेलं असतं, म्हणून तिथे दुबळी बाजू खिडकी ठरते. त्यामुळे तिथला "आधी खिडक्या बदला" हा सल्ला उचलून आपल्या विटा-काँक्रीटच्या घराला लावला की पैसे चुकीच्या जागी जातात. मामांनी दुहेरी काच बसवली तर १२ अंशांच्या फरकाला जेमतेम ६० वॉट वाचतील. रात्रीच्या आठ तासांत अर्धा युनिट.

हीच खोली मधल्या मजल्यावर असती, वर कुणाचं तरी राहतं घर असतं, तर स्लॅबचे ३२ जवळजवळ गळून पडले असते. उरले असते ५७, म्हणजे साधारण ६८५ वॉट. एकाच इमारतीत, एकाच मापाच्या दोन खोल्यांत एवढा फरक पडतो, तोही फक्त मजल्यामुळे.

स्लॅबचं आणखी एक दुखणं आहे. निरभ्र रात्री गच्ची उघड्या आभाळाकडे उष्णता फेकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. पहाटे अंगणात लावलेल्या गाडीच्या टपावर दव असतं आणि दारांवर फारसं नसतं, ते याच कारणाने. नाशिककडे कडाक्याची थंडी पडते तीही अशाच कोरड्या, निरभ्र रात्री. त्यामुळे वरचा ३२ हा आकडा अशा रात्री कमीच समजायचा.

दोन हजार वॉटचा घेतला तर बिल दुप्पट येईल का?

नाही, त्याला थर्मोस्टॅट असेल तर. थर्मोस्टॅट म्हणजे ठरावीक तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारी कळ. खोली १,०७० वॉट गळत असेल तर दोन हजारांचा हीटर साधारण निम्मा वेळ चालेल आणि निम्मा वेळ बंद राहील. खर्च ठरवते ती गळती. आठ तासांचे साडेआठ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर रात्रीचे ८५ रुपये. थर्मोस्टॅट नसेल तर मात्र खोली नको इतकी तापेल, तुम्ही खिडकी किलकिली कराल आणि बिल खरंच वाढेल.

दोन हजार वॉटचा धोका वेगळाच आहे. २३० व्होल्टला तो साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. टीव्ही-मोबाइलचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेंशन बोर्डवर हीटर चालवला की आधी प्लग गरम लागतो, मग पिना काळ्या पडतात, मग जळका वास येतो. अर्धा तास चालवल्यावर प्लगला हात लावून बघा. चांगलाच गरम लागला तर तो सॉकेट हीटरसाठी नाही. गीझरसारखा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा. हजार वॉटचा हीटर सव्वाचार अँपिअरवर भागवतो.

ऑइलचा हीटर कमी वीज खातो?

शेजाऱ्यांना वाईट वाटेल, पण नाही. लाल कांडीचा, पंख्याचा, हॅलोजनचा किंवा तेलाचा, कुठलाही असो, एक युनिट वीज घेतली की एक युनिट उष्णता देतो. त्यापेक्षा जास्तही नाही आणि कमीही नाही. तेल जळत नाही. ते फक्त उष्णता साठवतं, म्हणून तो उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. फरक पडतो तो ऊब कुणाला मिळते यात. लाल कांडीचा हीटर समोर बसलेल्याला थेट शेकतो, शेकोटीसारखा. पंख्याचा आणि तेलाचा आधी हवा तापवतात. अर्धा तास टेबलाशी बसून काम करायचं असेल तर समोर ठेवलेली कांडी कमी वॉटमध्ये भागवते. रात्रभर झोपायचं असेल तर तेलाचा हीटर अधिक सुरक्षित, कारण त्याचा पृष्ठभाग कांडीइतका तापत नाही आणि पांघरूण पेट घ्यायची भीती कमी.

एका युनिटला जास्त उष्णता देणारं यंत्र एकच: गरम-थंड दोन्ही करणारा एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो. नाशिक-पुण्याच्या थंडीत तो एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता आत आणू शकतो. ८५ रुपयांची रात्र तिशीत येते. पण फक्त याच्यासाठी नवा एसी घेणं, तेही वर्षाकाठी पंधरा-वीस कडाक्याच्या रात्रींकरता, मला तरी पटत नाही. जुना बदलायचाच असेल तर गोष्ट वेगळी.

खोली लगेच तापते, मग लगेच गार का होते?

कारण तापलेली असते ती फक्त हवा. मामांच्या खोलीतली सगळी हवा मिळून साधारण ३९ किलो. ती १२ अंशांनी तापवायला ०.१३ युनिट पुरतात. दोन हजार वॉटचा हीटर हे काम चार मिनिटांत करेल. पण बाहेरच्या दोन भिंतींचंच वजन सात टनांवर जातं, वर स्लॅबचे साडेचार-पाच टन. त्या दोन भिंती नुसत्या एका अंशाने तापवायला पावणेदोन युनिट लागतात. चार मिनिटांत हवा तापते आणि भिंती गारच्या गार राहतात. हीटर बंद केला की हवेतली ऊब भिंती पिऊन टाकतात.

म्हणूनच तापमापक २० दाखवत असतानाही थंडी वाजते. शरीराला हवेइतकीच आजूबाजूच्या पृष्ठभागांची थंडीही जाणवते. बाहेर ८ आणि आत २० असताना विटांच्या भिंतीची आतली बाजू साधारण १७ अंश असते आणि काचेची आतली बाजू ११. सकाळी काचेवर पाणी साचतं ते यामुळेच. रात्रभराच्या श्वासाची वाफ खोलीतल्या सगळ्यात गार जागी जमते. भिंतीच्या कोपऱ्यातही पाणी जमून काळे डाग पडू लागले असतील, तर ती बुरशी आहे आणि तो कोपरा बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त गळतो आहे.

पलंग बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर आतल्या भिंतीकडे सरकवा. एक पैसाही लागत नाही, आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

हीटर हवा कोरडी करतो, ऑक्सिजन खातो?

विजेचा हीटर काही जाळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन खायचा प्रश्नच नाही. हवेतलं पाणीही तो काढत नाही. पण गरम हवा जास्त वाफ धरू शकते, म्हणून तेवढ्याच वाफेची हवा तापली की कोरडी लागते. बाहेरची ८ अंशांची, ८० टक्के दमट हवा आत आणून २० अंशांवर नेली की तिची आर्द्रता ३७ टक्क्यांवर येते. घसा सुकतो तो यामुळे.

कोळशाच्या शेगडीची गोष्ट मात्र वेगळी. बंद खोलीत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागा न होताच जातो. निखारे वरून विझल्यासारखे दिसले तरी तो निघत राहतो. फटी बुजवण्याबद्दल पुढे जे लिहितो आहे ते विजेच्या हीटरसाठीच आहे. शेगडी बंद खोलीत अजिबात नको.

मग पैसे घालायचे तर कशावर?

स्लॅबवर. गच्चीवर ५० मिलिमीटर जाडीचा कडक फोमचा थर आणि त्यावर फरशी घातली तर स्लॅबचं यू-मूल्य ३ वरून साधारण ०.५ वर येतं. एका अंशाला ३२ वॉटचे साधारण ५ होतात. १२ अंशांच्या फरकाला तीनशेवर वॉट वाचले. नुसत्या थंडीसाठी हा खर्च करा असं मी सांगणार नाही. पण मे महिन्यात हाच स्लॅब उलट दिशेने उष्णता आत सोडतो, रात्री अकराला पंखा लावला तरी वरून भट्टीसारखा शेक येतो, तेव्हा हाच थर कामी येतो. गच्चीची गळती दुरुस्त करायची वेळ येते तेव्हा हे काम सोबत करून घेतलं की तोडफोड एकदाच होते. फक्त गच्ची सोसायटीच्या मालकीची असते आणि तिथे पुढची लढाई सुरू होते. ती मी मामांवर सोडली आहे.

फुकटात बसणारा उपाय म्हणजे कमी तापमानावर समाधान मानणं. २० ऐवजी १७ ठेवले की फरक १२ वरून ९ वर येतो आणि वीज थेट पाव हिश्श्याने घटते. १७ अंशांत जाड पांघरुणात झोप उत्तम लागते. दोन माणसं झोपली की त्यांची मिळून दीडशे वॉटच्या आसपास उष्णता खोलीला मिळते, ती वेगळीच.

हिशेब खरा आहे का, ते कसं तपासायचं?

मामांनी शेवटी हजार वॉटचा तेलाचा हीटर आणला. मी त्यांना एक प्रयोग सांगितला. दार-खिडक्या बंद करून हीटर रात्रभर पूर्ण हजार वॉटवर चालू ठेवायचा आणि पहाटे आतलं, बाहेरचं आणि शेजारच्या खोलीतलं तापमान टिपायचं. मामींनी कपाळाला हात लावला, पण दोन स्वस्तातले तापमापक आणून दिले.

पहाटे आत १८.५, बाहेर ९, शेजारच्या खोलीत १४.५. हीटरचे १,००० आणि दोघांचे दीडशे मिळून ११५० वॉट खोलीत जात होते. माझ्या ८९ प्रमाणे साडेनऊ अंशांना साधारण ८४५ जायला हवे होते. म्हणजे तीनशे वॉट माझ्या हिशेबाबाहेर चालले होते.

त्यातले पावणेदोनशे सापडले. आतल्या दोन भिंतींपलीकडे गार खोल्या होत्या आणि त्या मी सरळ विसरलो होतो. ४ इंची भिंतीचं यू-मूल्य २.४, क्षेत्र १८ चौरस मीटर, फरक ४ अंशांचा. उरलेल्या सव्वाशे वॉटसाठी मामांना उदबत्ती लावून खोलीभर फिरायला सांगितलं, पंखा बंद ठेवून. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा वळला तर तिथे फट. खिडकीच्या खालच्या रुळापाशी धूर आत वळला, हे अपेक्षितच होतं. पण कपाटाच्या वर तो जवळजवळ आडवा झाला. दोन वर्षांपूर्वी एसी काढून टाकला होता आणि नळ्यांसाठी भिंतीला पाडलेलं तीन इंची भोक तसंच आरपार उघडं होतं.

मामींनी जुन्या धोतराचा बोळा करून भोकात ठासला आणि रुळात सुतळी भरली. दाराखालची फट तशीच ठेवली, कारण आत दोन माणसं झोपतात आणि थोडी हवा यायलाच हवी. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर तेच ९, आत १९.५. मामांनी फोन करून आधी तो आकडा सांगितला, आणि मग विचारलं, "सोसायटीच्या मीटिंगमध्ये फोमचा विषय मांडायचा तर अर्ज मराठीत करू की इंग्रजीत?"